सहा इशारे आणि एक वडी : नवी वस्तू जाहीर करण्याआधी कोड्यांची मालिका कशी लिहावी

एका मसालेवाल्यांसाठी मी पूर्वी आठ पोस्टची मालिका लिहिली होती. "काहीतरी खास येतंय", "तयार आहात ना?", "थोडी कळ काढा" अशी. सोबत धूसर फोटो. आठव्या दिवशी गोडा मसाल्याचं शंभर ग्रॅमचं पाकीट दाखवलं आणि खाली पहिली कमेंट आली, "एवढंच? आम्हाला वाटलं हॉटेल काढताय." मसाला उत्तम होता. चूक माझी होती. आठ दिवसांत मी वाचणाऱ्याच्या हातात एकही खरी गोष्ट दिली नव्हती. मग त्याने ती मोकळी जागा स्वतःच्या कल्पनेने भरली, आणि तिच्यापुढे पाकीट छोटंच दिसणार होतं.

त्यानंतर मी अशी मालिका लिहायला बसले की आधी लहानपणीची कोडी आठवते. "कोकणातून आला भट, धर की आपट." उत्तर माहीत नसताना हे विचित्र वाटतं. नारळ म्हटल्यावर मात्र प्रत्येक शब्द जागेवर बसतो : कोकण, शेंडी, दगडावर आपटणं. कोडं घालणाऱ्याने काही लपवलेलं नसतं, सगळं समोरच ठेवलेलं असतं, फक्त आडवं धरून. वस्तू जाहीर करण्याआधीच्या कॅप्शनला हीच कसोटी लावायची. प्रत्येक पोस्टमध्ये एक खरी, ठोस गोष्ट हवी, आणि उत्तर कळल्यावर ती चपखल बसली पाहिजे.

हे कसं करायचं ते मावशीच्या मुठेलाच्या मालिकेवरून सांगते, कारण तिच्यात काय चुकलं आणि काय जमलं ते दोन्ही माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

ज्यांना मुठेल माहीत नाही त्यांच्यासाठी : कोकमाची सोलं आणि आगळ करून झालं की बिया उरतात. त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की चरबी वर तरंगते. ती काढून, गार होताना मुठीत दाबून वडी करतात, म्हणून मुठेल. गोव्याकडे भिरंडेल म्हणतात. रंग पांढरट-पिवळसर, हाताला घट्ट. थंडीत फुटलेल्या टाचांना आणि ओठांना लावायची ही जुनी गोष्ट. मावशी सावंतवाडीजवळ राहते आणि तिला चाळीस ग्रॅमची वडी पत्र्याच्या डबीत घालून १८० रुपयांना विकायची होती. तिला इन्स्टाग्रामवर ओळखणारे निम्मे लोक सिंधुदुर्गातले, निम्मे पुण्या-मुंबईचे. ही वाटणी पुढे फार महत्त्वाची ठरली.

आधी उत्तर, मग कोडं

पहिली कॅप्शन लिहायच्या आधी वस्तूबद्दलच्या पंधरा खऱ्या गोष्टी कागदावर उतरवा. गुणगान नको, फक्त गोष्टी. "नैसर्गिक", "प्रेमाने बनवलेलं", "आजीच्या आठवणी" हे शब्द या यादीत आले तर खोडा, कारण ते लोणच्यालाही लागू पडतात आणि गोधडीलाही. जी गोष्ट हजार वस्तूंना लागू पडते तिच्यातून कुणालाच काही ओळखता येत नाही.

मावशीच्या यादीत आलं ते असं : बी, जी एरवी टाकली जाते. मे महिना. उकळतं पाणी. फळ लाल, तेल पांढरं. घट्ट, पण चोळलं की मऊ. झाड माडा-पोफळीच्या बागेत, सावलीत वाढतं. मुठीचा आकार. वडीवर उमटलेले बोटांचे ठसे. टाचा. मोजे. पत्र्याची डबी. चाळीस ग्रॅम. एका फळात पाच ते आठ बिया. एवढ्यावर आम्ही थांबलो. पंधरा भरल्या नाहीत, तरी सहा इशाऱ्यांना पुरून उरल्या.

मग प्रत्येक गोष्टीपुढे लिहायचं की एवढंच सांगितलं तर आणखी काय काय असू शकतं. "मे महिन्यात टाकून दिलेलं काहीतरी" म्हटलं तर आंब्याची कोय, फणसाची आठळी, काजूचं बोंड, करवंट्या, असं बरंच काही निघतं. "मूठ" म्हटलं तर पुण्याच्या माणसाला लाडू आठवेल, सावंतवाडीच्या माणसाला थेट मुठेल. ज्या गोष्टीपुढे जास्त शक्यता उरतात ती आधी, जिच्यापुढे कमी उरतात ती नंतर. मालिकेचा क्रम एवढ्यावरूनच ठरतो.

मी सुरुवातीला मूठ दुसऱ्या क्रमांकावर घातली होती, कारण फोटो सुंदर आला होता. मावशीने फोनवरच हाणून पाडलं : "मूठ दाखयलंस तर आमच्या माणसांक लगेच कळतला." तिचं बरोबर होतं. वाचणारे दोन गावांचे असतील तर इशाऱ्याचा क्रम ज्याला जास्त माहिती आहे त्याच्या हिशोबाने लावायचा. पुणेकर दोन दिवस चाचपडला तरी चालतं. कुडाळकराने दुसऱ्या इशाऱ्यालाच उत्तर लिहिलं तर उरलेले चार इशारे वाया जातात.

सहा कॅप्शन, आहेत तशा

सहा इशारे, एक दिवसाआड, आणि शेवटच्या इशाऱ्यानंतर दुसऱ्याच दिवशी वस्तू. म्हणजे पहिल्या इशाऱ्यापासून उलगड्यापर्यंत बारा दिवस. १८० रुपयांच्या वस्तूसाठी यापेक्षा जास्त ताणू नये. महागड्या वस्तूला, समजा पैठणीला किंवा फर्निचरला, लोक तीन आठवडे देतील. डबीला नाही.

पहिला इशारा :

> इशारा १/६. मे महिन्यात आमच्या अंगणात याचा ढीग होता. शेजारीण म्हणाली, टाकून दे.
> उत्तर येत्या नाही, त्यापुढच्या रविवारी, सकाळी ९ वाजता.

फोटोत रिकामं अंगण आणि उपडं ठेवलेलं सूप. या कॅप्शनमध्ये एकच माहिती आहे : उन्हाळ्यात उरलेल्या, टाकाऊ समजल्या जाणाऱ्या गोष्टीपासून हे झालंय. शेजारीण खरी आहे आणि तिने खरंच तसं म्हटलं होतं. खोटी शेजारीण मी घातली नसती. खालच्या ओळीतल्या वेळेबद्दल पुढे सांगते.

दुसरा :

> इशारा २/६. कपाटात घट्ट. तळहातावर चोळली की मऊ.

इथे माझी एक चूक थोडक्यात टळली. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "हातावर ठेवली की वितळते." वाचायला छान. पण कोकमाचं तेल साधारण ३८ ते ४० अंशांना वितळतं आणि आपल्या तळहाताची त्वचा त्याहून गार असते. नुसती ठेवली तर वडी तशीच राहते, चोळावी लागते. ज्याने डबी विकत घेऊन हातावर ठेवली असती त्याला वाटलं असतं की माल खराब आहे. इशारा म्हणजे वस्तूबद्दल दिलेलं वचनच असतं. म्हणून प्रत्येक ओळ वस्तू हातात धरून तपासा, टेबलावर बसून नाही.

याच कॅप्शनमध्ये "चोळली" असं स्त्रीलिंगी क्रियापद आलंय. मराठीत ही अडचण कायमची : लिंगावरूनच उत्तर अर्धं फुटतं. वडी, डबी, पेटी, साडी एकीकडे आणि तेल, तूप, लोणी दुसरीकडे. आम्ही मुद्दाम "वडी" मनात धरून स्त्रीलिंग ठेवलं, त्यामुळे तेलाकडे लक्ष उशिरा गेलं आणि उत्तराच्या दिवशी ते खोटंही ठरलं नाही. तुमच्या मालिकेत पहिल्याच दिवशी लिंग ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. मध्येच "तो" झाला तर लोकांना वाटतं दोन वस्तू आहेत.

तिसरा :

> इशारा ३/६. बाप लालबुंद, पोर पांढरं.

फोटो नव्हता. अर्धा चौकोन लाल, अर्धा पांढरट. आम्ही आधी सोलं वाळवतानाच्या डागाळलेल्या कापडाचा फोटो घेतला होता, पण कोकमाचा डाग कोकणातला माणूस मैलावरून ओळखतो. (पोर नपुंसकलिंगी आहे हे कुणीतरी कमेंटमध्ये काढलंच. कोड्यात चालतं, असं म्हणून पुढे गेलो.) सगळ्यात जास्त अंदाज याच पोस्टला आले : कलिंगडाच्या बिया, डाळिंब, जास्वंदाचा साबण, एकाने तर मुळा.

चौथा इशारा मी आधी लिहून ठेवत नाही. त्याची जागा रिकामी ठेवते आणि पहिल्या तीन पोस्टखालचे चुकीचे अंदाज वाचून तो लिहिते. इथे सर्वांत जास्त लोक खोबरेलावर अडले होते, त्याखालोखाल लोणी आणि मेणावर. म्हणून :

> इशारा ४/६. लोणी नाही, मेण नाही. माडाच्या सावलीत वाढतं, पण माडाचं नाही.

ज्यांनी अंदाज लिहिले होते त्यांना कळलं की आपलं कुणीतरी वाचतंय. आणि "माडाचं नाही" हे नुसतं नकाराचं वाक्य नाही, त्यात नवी माहितीही आहे : हे बागायतीतल्या झाडाचं आहे. नुसते नकार देणारा इशारा लोकांना चिडवतो. एक दार बंद केलंत तर दुसरं थोडं किलकिलं करा. "वाढतं" हे इथे झाडाबद्दल आहे, वडीबद्दल नाही, म्हणून लिंग बदललं तरी चाललं. तरी त्यावर आमचा अर्धा तास वाद झाला.

पाचवा, मावशीने मागे ढकललेला :

> इशारा ५/६. साचा नाही. आकार आईच्या मुठीचा, आणि नावही त्याच मुठीवरून.

फोटोत हातमोजा घातलेली बंद मूठ. सिंधुदुर्गातल्या लोकांनी इथे ओळखलं, आणि तसंच व्हावं अशी योजना होती. शेवटून दुसऱ्या इशाऱ्याला जाणकारांना उत्तर सापडायला हवं. त्याशिवाय उत्तराच्या दिवशी "मी सांगितलं होतं ना" म्हणणारं कुणी उरत नाही, आणि ते म्हणणारी माणसंच पोस्ट पुढे पाठवतात.

सहावा :

> इशारा ६/६. रात्री झोपताना लावायची. वरून मोजे घालायचे. उद्या सकाळी ९.

इथे उपयोग सांगून टाकला. टाच हा शब्दसुद्धा नाही, पण मोज्यांनी काम होतं. "भेगा बऱ्या होतात" असं मात्र लिहिलं नाही, आणि तुम्हीही लिहू नका. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकायची वस्तू रोग किंवा जखम बरी करते असा दावा केला की ती औषधाच्या कायद्याकडे सरकते. कोड्याच्या भरात लिहिलेली ओळही जाहिरातच असते.

दिवस आणि वेळ

फ्रान्समध्ये १९८१ साली अव्हेनिर या पोस्टर लावणाऱ्या कंपनीने एक मालिका केली होती. पहिल्या पोस्टरवर बिकिनीतली तरुणी सांगते की २ सप्टेंबरला ती वरचा कपडा काढेल. २ सप्टेंबरला तसं पोस्टर लागलं, आणि त्यावर ४ सप्टेंबरचं पुढचं वचन. ४ तारखेला तेही पाळलं गेलं, पाठमोऱ्या फोटोने. अखेरीस कंपनीचं म्हणणं एवढंच : आम्ही दिलेला शब्द पाळणारे पोस्टरवाले आहोत. चित्राबद्दल मत काहीही असो, त्यात वाखाणण्यासारखी गोष्ट तारीख आहे. "लवकरच" लिहिलं असतं तर कुणी थांबलं नसतं.

म्हणून वार आणि वेळ पहिल्याच कॅप्शनमध्ये घाला. पण त्यासाठी माल तयार हवा. मावशीच्या शेडला सौंदर्यप्रसाधनं बनवायचा परवाना अन्न व औषध प्रशासनाकडून मिळाल्यावर, लेबलं छापून आल्यावर आणि १२० डब्या बंद होऊन खोक्यात गेल्यावरच आम्ही पहिला इशारा टाकला. त्याआधी ती रोज विचारायची, "टाकूया का गो आता?" मी नाही म्हणत राहिले. लेबलावर वजन किंवा किंमत चुकली आणि छपाई पुन्हा करावी लागली, तर रविवार सकाळचे ९ चुकतात. मग पुढच्या मालिकेला कुणी उत्सुकतेने बघत नाही.

वाचणारा मधूनच येतो

इन्स्टाग्राम पोस्ट क्रमाने दाखवत नाही. कुणाला चौथा इशारा पहिल्यांदा दिसतो, कुणाला दुसरा तीन दिवसांनी. म्हणून "४/६" हा आकडा हवाच, आणि प्रत्येक इशारा आधीचा न वाचताही कळला पाहिजे. "कालच्या इशाऱ्यात सांगितल्याप्रमाणे" अशी सुरुवात टाळा. पहिली पोस्ट प्रोफाइलवर वर पिन करून ठेवा, उरलेली दोन पिनं रिकामी राहिली तरी हरकत नाही.

कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळींनंतर बाकीचा मजकूर "more" च्या मागे जातो. त्यामुळे इशारा पहिल्याच ओळीत हवा. "नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे" यात ती ओळ खर्च झाली तर कोडं कुणी वाचतच नाही. स्वतःच्या फोनवर मसुदा उघडून ओळ कुठे तुटते ते बघा.

व्हॉट्सॲपवर हीच सहा वाक्यं स्टेटसला टाकली, पण तिथे चोवीस तासांत पुसली जातात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी तोच इशारा पुन्हा लावला. ब्रॉडकास्टने पाठवायचं तर समोरच्याने तुमचा नंबर जतन केलेला असावा लागतो, नाहीतर संदेश पोचतच नाही, आणि तुम्हाला वाटतं लोकांना रस नाही.

उत्तर कुठून फुटतं

कॅप्शनमधून क्वचितच फुटतं. मालिका सुरू करण्याआधी मी मावशीचं प्रोफाइल खाली खाली सरकवत गेले तर मे महिन्यातला, अंगणात वाळत घातलेल्या कोकमाच्या बियांचा फोटो सापडला. कॅप्शनसकट. तो तात्पुरता आर्काइव्हमध्ये टाकला. हॅशटॅगमध्ये वस्तूचं नाव, फोटोच्या कोपऱ्यात दिसणारं लेबल, लेबल छापणाऱ्याने कौतुकाने स्वतःच्या स्टेटसला लावलेला नमुना, दृष्टी नसलेल्या वाचकांसाठी फोटोला जोडलेलं वर्णन : या चार जागा तपासा. वर्णन गाळू नका, फक्त त्यात जे दिसतंय तेवढंच लिहा. "बंद मूठ, निळा हातमोजा."

आणि कुणी दुसऱ्याच दिवशी बरोबर ओळखलं तर? आमच्याकडे तिसऱ्या इशाऱ्याखाली वेंगुर्ल्याच्या एका बाईंनी सरळ "मुठेल" लिहिलं. कमेंट काढून टाकायचा मोह होतो. काढू नये, ज्याने ओळखलं तोच तुमचा पहिला गिऱ्हाईक असतो आणि त्याचा अपमान होतो. "नाही" म्हणून खोटंही बोलू नये. आम्ही तिच्यासह सगळ्या अंदाजांना एकच उत्तर दिलं : "नोंद केली, रविवारी बोलू." तिची कमेंट चाळीस चुकीच्या अंदाजांत बुडून गेली. त्यानंतर मात्र अंदाज स्टोरीतल्या प्रश्नपेटीत मागवायला लागलो, तिथली उत्तरं फक्त आपल्यालाच दिसतात. खरं तर हे पहिल्या दिवसापासूनच करायला हवं होतं.

मालिका बिघडत असेल तर अंदाजांवरून कळतं, लाइकवरून नाही. "सांगा ना आता" असंच लोक लिहीत असतील आणि वस्तूचं नाव कुणीच घेत नसेल तर इशाऱ्यात काही नाहीये. अंदाज रोज वेगळ्या दिशेने जात असतील तर इशारे एकमेकांना जोडलेले नाहीत. आणि अंदाज वस्तूपेक्षा मोठे होत असतील, कुणी दुकान म्हणतंय, कुणी रिसॉर्ट, तर पुढच्याच इशाऱ्यात आकार सांगून टाका. "मुठीत मावते" एवढं पुरतं. मसाल्याच्या वेळी मी हे केलं असतं तर ती "एवढंच?" आली नसती.

रविवार, सकाळी ९

उलगड्याच्या कॅप्शनमध्ये नाव पहिल्या शब्दाला यावं आणि सहाही इशाऱ्यांचा हिशोब चुकता व्हावा :

> मुठेल. कोकमाच्या बियांचं तेल, मुठीत वळलेलं.
> मेमध्ये सोलं करून उरलेल्या बियांचा ढीग, तो हा. लाल फळ, पांढरं तेल. झाड आमच्या माडांखालचं. चोळून मऊ करा, टाचांना लावा, मोजे घाला.
> ४० ग्रॅम, १८० रुपये. पहिल्या खेपेत १२० डब्या. मागणीसाठी मेसेजमध्ये पत्ता पाठवा.

उत्तर सांगताना "अखेर प्रतीक्षा संपली" लिहायची गरज नाही, ते घड्याळ सांगतंच. किंमत मात्र याच कॅप्शनमध्ये हवी. बारा दिवस थांबवून "किमतीसाठी मेसेज करा" म्हणणं म्हणजे सातवा इशारा, आणि तो कुणालाच नको असतो.

वेंगुर्ल्याच्या बाईंना आम्ही नऊ वाजून पाच मिनिटांनी मेसेज केला की तुम्ही पहिल्या, तुमची डबी बाजूला ठेवली आहे. त्यांनी पैसे देऊन चार मागवल्या, आणि वर लिहिलं की आमच्याकडे ओठांनाही लावतात, ते तुम्ही सांगायला विसरलात.